डबीवरचा आकडा आणि गमीतलं मेलाटोनिन

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषण)



अमेरिकेतून कुणी आलं की बॅगेतून चॉकलेटं, बदाम आणि व्हिटॅमिनच्या डब्या निघतात. आता त्यात आणखी एक डबी असते, झोपेच्या गमीची. गमी म्हणजे जेलीसारखी मऊ, रंगीत, गोड गोळी. कधी अस्वलाच्या आकाराची, कधी चांदणीच्या. प्रवासानंतर मुलांची झोप उलटीपालटी होते, म्हणून एक देतात आणि डबी इथेच ठेवून जातात. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला तिकडे गेलेल्या आज्यांना तर ही डबी रोज ओट्यावर दिसते. आणि आता आपल्याकडेही अशा गमी ऑनलाईन मागवता येतात.

या गमीत असतं मेलाटोनिन. आजचं बोलणं एवढ्यापुरतंच आहे की डबीवर मेलाटोनिनचा जो आकडा छापलेला असतो तो कसा वाचायचा, त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि घरातल्या लहान मुलाने मूठभर गमी खाल्ल्या तर काय करायचं.

मेलाटोनिन आपल्या शरीरातच तयार होतं. अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी ते रक्तात सोडते आणि शरीराला कळतं की रात्र झाली. रात्रभरात शरीर जे मेलाटोनिन बनवतं ते एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतं. डबीवर मात्र ३, ५, १० मिलिग्रॅम असे आकडे असतात. म्हणजे एक साधी गमीसुद्धा शरीराच्या हिशोबाने पुष्कळ मोठी असते. मुलांना मेलाटोनिन द्यायचंच ठरलं तर बालरोगतज्ज्ञ बहुधा अर्ध्या किंवा एका मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, ते एवढ्याचसाठी.

ब्रिटनमध्ये मेलाटोनिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अमेरिकेत १९९४ साली झालेल्या एका कायद्यामुळे ते औषधांत धरलं जात नाही. तिथे ते पूरक आहारात, म्हणजे सप्लिमेंटमध्ये येतं. औषध बाजारात आणण्याआधी कंपनीला ते सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं सरकारला दाखवावं लागतं. सप्लिमेंटला अशी आधीची मंजुरी लागत नाही. म्हणून ते किराणा मालाच्या दुकानात, बिस्किटांच्या शेजारच्या फळीवर मिळतं.

याचा परिणाम काय झाला ते तिथल्या विषबाधा मदत केंद्रांच्या नोंदींत दिसतं. २०१२ साली मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याचे ८,३३७ फोन या केंद्रांकडे आले होते. २०२१ साली ते ५२,५६३ झाले. त्यातली बहुतेक मुलं पाच वर्षांची किंवा त्याहून लहान होती, आणि बहुतेकांनी ते कुणाचं लक्ष नसताना खाल्लं होतं. आता याची दुसरी बाजूही सांगते, म्हणजे उगाच घाबरायला नको. बहुतेक मुलांना काहीही झालं नाही आणि फोनवर सल्ला घेऊन ती घरीच राहिली. पण त्या दहा वर्षांत चार हजारांहून अधिक मुलांना दवाखान्यात भरती करावं लागलं, २८७ मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं आणि दोन बाळं दगावली. एक तीन महिन्यांचं होतं, दुसरं तेरा महिन्यांचं. म्हणून मूल जितकं लहान, तितकी ही गोष्ट गंभीर धरायची.

आकडा कशाचा आहे?

आता डबी हातात घेऊ. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘५ मिलिग्रॅम’ लिहिलेलं आहे. आपण समजतो, एका गमीत ५ मिलिग्रॅम. तसं असेलच असं नाही. डबी फिरवा. मागे एक चौकट असते, तिचं नाव ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’. त्यात पहिल्याच ओळीत ‘सर्व्हिंग साइझ’ लिहिलेलं असतं, म्हणजे एका वेळचं प्रमाण किती गमींचं धरलं आहे ते. तिथे ‘२ गमी’ असेल तर खाली लिहिलेले ५ मिलिग्रॅम दोन गमी मिळून आहेत, एकीत अडीच. तिथे ‘१ गमी’ असेल तर एकीतच ५. दोन डब्या शेजारी ठेवल्या, दोन्हींवर पुढे ५ लिहिलेलं असलं, तरी एकीतली गमी दुसरीच्या दुप्पट असू शकते. एका कंपनीची संपली म्हणून दुसरीची आणली आणि सवयीने दोन दिल्या, की मुलाला नकळत दुप्पट जातं.

त्याच चौकटीत मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम तेही बघा. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. ‘३०० मायक्रोग्रॅम’ हा आकडा दिसायला मोठा, पण तो ०.३ मिलिग्रॅमच आहे. उलट ‘१० मिलिग्रॅम’ दिसायला लहान, पण त्याच्या तेहेतीस पटींहून जास्त.

आकडा खरा आहे का?

इथवर आपण छापलेला आकडा बरोबर वाचला. आता पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच मोठा आहे. जे छापलंय तेवढंच आत आहे का?

अमेरिकेतल्या पीटर कोहेन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासल्या. त्यांचे निष्कर्ष २०२३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. २५ पैकी २२ डब्यांवरचा आकडा चुकीचा निघाला. चुकीचा म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे. सर्वांत कमी निघालं ते छापलेल्याच्या ७४ टक्के, सर्वांत जास्त निघालं ते ३४७ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. एका डबीत तर मेलाटोनिन सापडलंच नाही. त्याऐवजी भांगेच्या झाडापासून मिळणारं सीबीडी हे द्रव्य सापडलं. फक्त तीन डब्यांचा आकडा बरोबर होता.

हा अभ्यास लहान होता हे ध्यानात असू द्या. प्रत्येक प्रकारची एकच डबी तपासली होती, त्यामुळे अमुक कंपनी कायम चांगली किंवा कायम वाईट असं त्यावरून ठरवता येत नाही. पण कॅनडात २०१७ साली ३१ सप्लिमेंट तपासली होती, त्यातही असंच आढळलं. तिथे सगळ्यांत मोठा फरक निघाला तो चघळायच्या गोळीत, म्हणजे जो प्रकार मुलांना दिला जातो त्यातच. छापलेलं होतं दीड मिलिग्रॅम, निघालं जवळजवळ नऊ. शिवाय ३१ पैकी ८ सप्लिमेंटमध्ये सेरोटोनिन हे वेगळंच द्रव्य सापडलं, आणि ते वेष्टनावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

असं का होतं? कारणं स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजतील. गमी म्हणजे साखर, जिलेटिन किंवा पेक्टिन यांचा घट्ट गरम पाक. शंभर वड्यांच्या पाकात चिमूटभर वेलची घातली तर ती प्रत्येक वडीत सारखी जाईल का? एखादीत जास्त लागते, एखादीत लागतच नाही. इथे तर मिलिग्रॅमचा मामला आहे. दुसरं कारण, मेलाटोनिन ठेवल्या ठेवल्या कमी होत जातं. डबीवरची मुदत संपेपर्यंत छापलेलं प्रमाण भरलं पाहिजे म्हणून कंपन्या बनवताना मुद्दाम थोडं जास्त घालतात. म्हणून ताज्या डबीत छापलेल्यापेक्षा जास्त असणं हे कधीकधी ठरवून केलेलं असतं. पण किती जास्त घातलं ते डबीवर लिहीत नाहीत. साडेतीन पट ही मात्र ‘थोडी जास्त’ नव्हे.

यातून घरासाठी घ्यायचं ते एवढंच. आकडा वाचायचा, पण तो अंदाज म्हणून. ‘एकाने झोप आली नाही, दोन देऊन बघू’ हा हिशोब इथे लागू पडत नाही, कारण पहिल्या एकातच किती होतं ते आपल्याला माहीत नसतं.

डबीवर काय बघायचं

चौकट वाचून झाली की खाली ‘इतर घटक’ वाचा. त्यात सीबीडी लिहिलेलं असेल तर ती डबी मुलासाठी नाहीच. काही डब्यांवर ‘ब्लेंड’, म्हणजे मिश्रण, असं लिहून सगळ्या घटकांचं मिळून एकच वजन दिलेलं असतं. त्यातलं मेलाटोनिन किती हे कळायला मार्ग नसतो. अशी डबी नकोच. ज्या डबीवर मेलाटोनिनचा आकडा स्वतंत्र दिलेला आहे, तिचाच विचार करायचा.

मग खुणा बघा. ‘लॅब टेस्टेड’, ‘नॅचरल’, ‘ड्रग फ्री’, ‘डॉक्टरांची शिफारस’ हे सगळे शब्द कंपनी स्वतः लिहू शकते. त्यावरून आत किती आहे ते कळत नाही. अमेरिकेतल्या डबीवर उपयोगाची खूण म्हणजे ‘यूएसपी व्हेरिफाइड’. ही बाहेरची संस्था आहे, ती माल तपासते आणि छापलेले घटक छापलेल्या प्रमाणात आहेत का ते बघते. तिथल्या झोपेच्या तज्ज्ञ डॉक्टरांची संघटनाही पालकांना हीच खूण शोधायला सांगते. पण पूर्ण खूण बघा. नुसतं ‘यूएसपी’ एवढं लिहिलेलं म्हणजे ती तपासणी झाली असं नाही, ‘व्हेरिफाइड’ हा शब्द खुणेत असला पाहिजे.

आपल्याकडे विकत घेतलेल्या डबीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तो असायलाच हवा, नसेल तर डबी घेऊ नका. पण तो क्रमांक त्या व्यवसायाला परवाना आहे एवढंच सांगतो, प्रत्येक गमी मोजली आहे असं सांगत नाही. त्याच डबीवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असंही छापलेलं दिसेल. म्हणजे हे औषध म्हणून वापरायचं नाही, असं डबी स्वतःच सांगते. रोजच्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका, या ओळीही असतात. अक्षरं बारीक असतात, चष्मा लावून वाचा.

शेवटी झाकण बघा. दाबून मग फिरवल्याशिवाय उघडत नाही, असं झाकण लहान मुलांना अवघड जातं. अमेरिकेत मेलाटोनिनच्या डबीला असं झाकण लावायची कायद्याने सक्ती नाही. तिथे २०१९ ते २०२२ या काळात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांनी लक्ष नसताना मेलाटोनिन खाल्ल्यामुळे सुमारे ११ हजार वेळा त्यांना तातडीच्या विभागात न्यावं लागलं. ज्यांच्या नोंदीत मेलाटोनिन कशात ठेवलं होतं ते लिहिलं होतं, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश वेळा ते बाटलीतच होतं. म्हणजे मुलांनी बाटली उघडली, किंवा कुणीतरी ती नीट न लावताच ठेवली होती. दाबायचं झाकणसुद्धा मुलाला थोडा वेळच अडवतं, कायमचं नाही. म्हणून डबी कुलपात किंवा वरच्या कपाटात. उशाशी नको, पर्समध्ये नको, पाहुण्यांच्या उघड्या बॅगेत तर नकोच. आणि गमी देताना तिला ‘खाऊ’ म्हणू नका. मूल शब्द लक्षात ठेवतं. खाऊ म्हटलं की ते शोधत जाणारच.

मुलाने खाल्ल्या तर

एक उदाहरण घेऊ. समजा, घरात तीन वर्षांचा नातू आहे, वजन चौदा किलो. संध्याकाळी साडेसहाला डबी जमिनीवर उघडी सापडली. तोंडाला गोड वास, हात चिकट. डबीवर ६० गमी लिहिलेल्या आहेत, सर्व्हिंग साइझ २ गमी, त्यात ५ मिलिग्रॅम. सून रोज रात्री स्वतःसाठी दोन घ्यायची, आणि डबी उघडून सहा रात्री झाल्या. म्हणजे बारा गेल्या, डबीत ४८ हव्यात. मोजल्या तर ४१ आहेत. सात कमी. कॉटखाली, सोफ्याच्या फटीत शोधलं, एकही सापडली नाही. तर सातही पोटात गेल्या असं धरायचं.

छापलेल्या आकड्याने एकीत अडीच, सात म्हणजे साडेसतरा मिलिग्रॅम. पण मघाचं ३४७ टक्के आठवा. ही डबी तशी निघाली तर तेच ६० मिलिग्रॅमच्या वर जाईल. म्हणून ‘साडेसतराच तर आहे’ असं म्हणून आपणच निर्णय घ्यायचा नाही आणि ‘साठ झालं’ म्हणून घाबरूनही जायचं नाही. फोन करायचा.

आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, चोवीस तास चालू. अमेरिकेत असाल तर १-८००-२२२-१२२२. फोन करताना डबी हातात ठेवा आणि पाच गोष्टी सांगा. मुलाचं वय आणि वजन. डबीवरचं नाव. किती गमी कमी आहेत आणि एकीत किती छापलंय. साधारण किती वाजता खाल्ल्या. आणि त्याला दुसरं कुठलं औषध चालू आहे का, सर्दीचं किंवा फिटचं. इतर घटकांत काही वेगळं लिहिलेलं असेल तर तेही वाचून दाखवा. घरी थांबायचं की दवाखान्यात जायचं ते त्यांना ठरवू द्या.

तोवर मुलाला उलटी करवू नका. मीठपाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. झोपेच्या गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मेलाटोनिनवर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. लक्ष ठेवणं हाच बराचसा उपचार असतो.

लक्ष कशावर ठेवायचं? जास्त मेलाटोनिन गेलं की मूल पेंगतं, डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, काही मुलं उलट चिडचिडी होतात. ही लक्षणं फोनवर सांगायची. पण हाक मारून, हलवूनही मूल जागं होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटके आले, तर फोनवर बोलत बसू नका. आपल्याकडे १०८, अमेरिकेत ९११, थेट रुग्णवाहिका. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर लक्षणांची वाटच बघू नका, लगेच दवाखाना. आणि संध्याकाळी खाल्लेल्या गमीनंतर मूल झोपलं की ‘बरं झालं, झोपला’ असं समजून त्याला एकटं सोडू नका. ती झोप साधी आहे की गुंगी, हे हाक मारून उठवल्यावरच कळतं. दवाखान्यात जाताना डबी बरोबर न्या, गमी तशाच ठेवून.

मग द्यायचं की नाही?

काही मुलांना, विशेषतः स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांना, डॉक्टर मेलाटोनिन देतात आणि त्याचा उपयोगही होतो. तिथे डॉक्टरांनी मात्रा ठरवलेली असते, वेळ ठरवलेली असते, आणि किती दिवस द्यायचं तेही ठरलेलं असतं. डॉक्टरांना विचारायला जाल तेव्हा डबी घेऊनच जा, म्हणजे त्यांना चौकट वाचता येईल. प्रवासाने बिघडलेली मुलाची झोप मात्र काही दिवसांत आपोआप ताळ्यावर येते. सकाळी उठवून अंगणात, उजेडात नेलं आणि रात्री दिवे मंद करून मोबाईल दूर ठेवला, की शरीर स्वतःचं मेलाटोनिन स्वतःच वेळेवर बनवायला लागतं. त्याला आकड्याची भानगड नाही.

तर मैत्रिणींनो, आज घरातली डबी शोधून मागची चौकट वाचा. एका गमीत किती आहे आणि डबी कधी उघडली, ते पेनाने झाकणावर लिहा. किती उरल्या त्या एकदा मोजा. आणि १८०० ११६ ११७ हा क्रमांक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो फक्त गमीसाठी नाही, फिनेल, रॉकेल, उंदराचं औषध, सगळ्यासाठी चालतो. पाहुण्यांनी नवी डबी दिली तर आधी ती फिरवून वाचा, मगच कपाटात ठेवा, आणि कपाट वरचं असू द्या.